‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य खोडा

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांच्या आवक टेबलावर जी निवेदने येतात, त्यांत एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसतो. समजा, पालघर तालुक्यात बोईसरला लागून असलेल्या सरावलीतल्या एका गल्लीने तो असा लिहिला आहे:

“प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपालिका, बोईसर, जि. ठाणे. विषय : गटाराबाबत. महोदय, आमच्या येथे गेल्या कित्येक महिन्यांपासून गटार तुंबलेले असून सर्वत्र घाणीचे साम्राज्य पसरले असल्याने डेंग्यूची साथ पसरली असून वारंवार तोंडी तक्रारी करूनही झोपी गेलेल्या प्रशासनाला जाग येत नाही. ठेकेदार व अधिकारी यांचे साटेलोटे आहे हे सर्वांना माहीत आहे. कोणाचा जीव गेल्यास त्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल. तरी सदर बाबीची गांभीर्याने दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, ही नम्र विनंती. आपले, त्रस्त नागरिक.”

मजकूर रचलेला आहे, गल्लीही कल्पित आहे. पण अशी पत्रे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला यातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. शुद्धलेखन तपासायला बसलात तर यात फारसे काही हाती लागणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ ठीक आहे, अनुस्वार जागच्या जागी आहेत. तरीही या पत्राने गाळाची एक पाटीसुद्धा उचलली जाण्याची शक्यता कमी. का, ते कळायला हे पत्र कार्यालयात कोणाच्या हातून कसे जाते ते पाहावे लागते.

आवक लिपिक पत्र उघडतो, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकतो आणि नोंदवहीत एक ओळ लिहितो : पत्र कोणाचे, विषय काय. पुढे अधिकारी ते चाळतो आणि समासात शेरा मारतो : ‘पाहणी करून अहवाल द्या’, ‘ठेकेदारास कळवा’ किंवा नुसतेच ‘पाहावे’. त्या शेऱ्यासह कागद संबंधित कर्मचाऱ्याकडे जातो. म्हणजे पत्राचे तीन वाचक आहेत आणि तिघेही घाईत आहेत. पहिल्याला विषयाची ओळ हवी असते, दुसऱ्याला मागणी, तिसऱ्याला जागा. निवेदन तपासणे म्हणजे या तिघांच्या डोळ्यांनी ते एकेकदा वाचणे. शुद्धलेखन त्यानंतर.

पत्ता : पत्रातली सगळ्यात महागडी चूक

बोईसर, सरावली, तारापूर औद्योगिक वसाहत हा पट्टा नजरेला शहरच वाटतो. इमारती, चाळी, रिक्षा, कारखान्यांच्या पाळ्या, सगळे शहराचे. जनगणनेतही बोईसर ‘नगर’ म्हणून मोजले गेले आहे. पण जनगणनेने नगर म्हटले म्हणून नगरपरिषद होत नाही. बोईसरला नगरपरिषद मिळावी ही मागणी बरीच जुनी आहे, पण सरावलीचा कारभार ग्रामपंचायतीचा. ‘मुख्याधिकारी’ हे पद नगरपरिषदेत असते. तेव्हा वरच्या पत्रातला अधिकारी आणि त्याचे कार्यालय, दोन्ही त्या गावी नाहीत. असे पत्र पालघर नगरपरिषदेत जाऊन पडले, तर तिथला लिपिक ‘आमच्या हद्दीतील नाही’ एवढेच लिहील, आणि ते बरोबरच असेल.

पत्त्यातला दुसरा घोळ ‘जि. ठाणे’. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. जुन्या अर्जाची फाइल उघडून त्यातच नवा मजकूर भरला, की जुना जिल्हा तसाच राहून जातो. सरावली नावाचे गाव भिवंडी तालुक्यात, ठाणे जिल्ह्यातही आहे आणि तिथेही औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे ‘ता. व जि. पालघर’ हे शब्द टपाल योग्य जागी पोचवायला लागतातच. पदनामही तपासून घ्यावे. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे एकच पद करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. बोलताना लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, आणि जुन्या पदनामाने पत्र अडतही नाही. पण पत्र देण्याआधी कार्यालयाच्या पाटीवर आज काय लिहिले आहे ते बघून येण्यात पाच मिनिटे जातात.

आता खरा प्रश्न : ते गटार कोणाचे? एकाच गावात अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा असतो, गावाला जोडणारा जिल्हा परिषदेचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि औद्योगिक क्षेत्रातला एमआयडीसीचा. गटार बहुधा ज्याच्या रस्त्याकडेला, त्याच्या गळ्यात. ग्रामपंचायत तिच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही ‘नमुना २३’ मध्ये ठेवते. आपला रस्ता त्या वहीत आहे का, हे कार्यालयात विचारता येते. तो तिथे सापडला तर पत्ता पक्का झाला. नाही सापडला, तर पत्रात एक वाक्य घालायचे : काही भाग अन्य कार्यालयाच्या ताब्यात असेल तर हा अर्ज तिकडे पाठवून आम्हाला लेखी कळवावे. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची तरतूद त्या कायद्यातच आहे. साध्या निवेदनाला तसे पाठबळ नाही. म्हणून ते वाक्य आपण लिहायचे.

तारापूरच्या शेजारी आणखी एक काळजी घ्यावी लागते. गटारात रंगीत किंवा फेसाळ पाणी दिसले, की पत्रात ‘कारखान्यांनी रासायनिक सांडपाणी सोडले’ असे वाक्य आपोआप येते. औद्योगिक सांडपाण्याचा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. ग्रामपंचायत त्याचा नमुनाही तपासू शकत नाही. तेव्हा तुंबलेल्या गटाराचे पत्र ग्रामपंचायतीला आणि रंगीत पाण्याचे पत्र मंडळाला, असे दोन कागद करावेत. दुसऱ्या पत्रातही निष्कर्ष काढून देऊ नये. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, कोणत्या रंगाचे पाणी दिसले ते लिहावे आणि नमुना घेण्याची विनंती करावी. रसायन कोणते, हे प्रयोगशाळा सांगेल.

विषय आणि मागणी

‘विषय : गटाराबाबत’ ही ओळ नोंदवहीत गेली, की ती तशाच आणखी वीस ओळींत मिसळून जाते. गटाराबाबत काय? तुंबले, फुटले, नवे हवे, की कोणी त्यावर बांधकाम केले? विषयाच्या ओळीत जागा आणि काम दोन्ही यायला हवे : ‘शाळेमागील गल्लीतील गटाराचा गाळ काढणे व तुटलेली दोन झाकणे बदलणे याबाबत’. लिपिकाने हीच ओळ उतरवून घेतली, तर पुढे सहा महिन्यांनीही आपला कागद सापडतो.

यापेक्षा जास्त नुकसान करणारे वाक्य शेवटी आहे : ‘योग्य ती कार्यवाही करावी’. ऐकायला ते सभ्य आणि पक्के वाटते. पण योग्य काय, हे ठरवण्याचा सगळा अधिकार त्या वाक्याने समोरच्याला देऊन टाकला. ठेकेदाराला एक पत्र पाठवले, तरी कार्यवाही झाली. मग उत्तर येते : ‘आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.’ यात खोटे काहीच नाही. आपण मागितले तेच मिळाले.

मागणी तपासण्याची कसोटी सोपी आहे : ही मागणी पूर्ण झाली की नाही, हे गल्लीत उभे राहून कोणालाही सांगता येईल का? ‘गटाराची दखल घ्यावी’ हे सांगता येणार नाही. ‘वळणावरच्या खांबापासून नाल्यापर्यंतचा गाळ काढावा’ हे सांगता येईल. त्यातही काम करून घेण्याचा अनुभव असलेला माणूस एक शेपूट जोडेल : ‘आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलावा’. कारण गाळ काढून गटाराच्या काठावर ढीग लावला जातो आणि पहिल्या जोराच्या सरीने तो पुन्हा आत जातो. कागदोपत्री मात्र गाळ काढलेला असतो.

मागण्या स्वस्त आणि महाग अशा वेगळ्या करणे हे तपासणीतले बहुधा सर्वांत उपयोगाचे काम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ४५ आणि त्याची अनुसूची ग्रामपंचायतीची कर्तव्ये सांगतात, आणि गटारे व स्वच्छता त्यांत येतात. पण कर्तव्याला एक जोड आहे : ग्रामनिधीतून जितके शक्य होईल तितके. त्यामुळे ‘निधी उपलब्ध नाही’ या उत्तराला थोडा आधार मिळतो. ‘संपूर्ण गटार नव्याने बांधून गाळही काढावा’ अशी एकत्र मागणी केली, की महागड्या कामाच्या नावाखाली स्वस्त कामही अडकते. गाळ काढायला निधी नाही असे लेखी देणे मात्र कोणत्याही कार्यालयाला जड जाते. म्हणून गाळाची मागणी पहिली आणि तारखेसह; नव्या बांधकामाची शेवटची, आणि तीही ‘पुढील ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेऊन ग्रामसभेपुढे ठेवावे’ अशी. पैशाचे काम त्या वाटेनेच होते.

निधीच्या सबबीवर सर्वोच्च न्यायालय एकदा स्पष्ट बोलले आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातल्या एका रस्त्यावरचे रहिवासी उघडी गटारे आणि घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा जो अधिकार त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, त्याच्या आधारे त्यांनी नगरपालिकेविरुद्ध आदेश मिळवला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत वर गेली, आणि १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब मान्य केली नाही. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पण पहिल्या निवेदनात हा निकाल लिहू नये. पहिल्याच पत्रात कायद्याची कलमे दिसली, की कार्यालय काम करण्याआधी वकिली उत्तराची तयारी करते. आधी काम मागावे. निधी नाही असे लेखी आले, तर दुसऱ्या पत्रात रतलाम काढावे.

एका वाक्यात एकच गोष्ट

पत्राचे पहिले वाक्य पुन्हा पाहा. गटार तुंबलेले असून, घाण पसरली असल्याने, साथ पसरली असून, तक्रारी करूनही, जाग येत नाही. एका वाक्यात पाच विधाने आहेत. कार्यालय उत्तर देताना यातले सगळ्यात कच्चे विधान उचलते. ‘सदर परिसरात डेंग्यूचा रुग्ण आढळून आलेला नाही’ असे लिहिले की वाक्य पडते, आणि त्यातले गटारही त्याच्याबरोबर पडते. म्हणून ‘असून’, ‘असल्याने’, ‘करूनही’ यांच्याभोवती गोल करायचा आणि तिथे पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करायचे. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायचा. क्रमांक असले, की उत्तरही मुद्देनिहाय द्यावे लागते आणि गाळलेला मुद्दा लगेच दिसतो.

वाक्ये सुटी झाली, की प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा : हे कशावरून? डेंग्यूचे वाक्य इथेच गळते. डेंग्यूचा एडिस डास प्रामुख्याने साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो : पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, टाकून दिलेल्या टायरात. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. आरोग्य कर्मचारी हे जाणतो. ‘गटारामुळे डेंग्यू’ हे वाचल्यावर तो घराघरांतले पिंप तपासायला सांगेल, आणि पत्राचा रोख रहिवाशांकडेच वळेल. ‘गटारात पाणी साचून डासांचा उपद्रव वाढला आहे’ एवढे खरे आहे आणि पुरेसेही.

‘गेल्या कित्येक महिन्यांपासून’ म्हणजे कधीपासून? तपासणाऱ्याने हे विचारल्यावर गल्लीत शोधाशोध होते आणि असे ठरते, की पाणी रस्त्यावर यायला १२ जूनपासून सुरुवात झाली. ‘वारंवार तोंडी तक्रारी’ कधी केल्या, कोणाकडे? ते कोणाला नीट आठवत नाही. पण एका घरात २६ मे रोजी दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच सापडते. हा कागद ‘वारंवार’ या शब्दापेक्षा शंभर पटींनी जड आहे. तोंडी तक्रारी पत्रातून काढून टाकायच्या आणि हा अर्ज ‘संदर्भ’ म्हणून विषयाच्या खाली लिहायचा. ग्रामसभेत हा प्रश्न मांडला गेला असेल, तर त्या सभेची तारीख आणि ठराव क्रमांकही तिथेच येतो.

राहिली जागा. ‘आमच्या येथे’ हे फक्त आमच्यासाठी पुरेसे आहे. मसुदा गावाबाहेरच्या कोणाला वाचायला द्यावा आणि विचारावे, हा कागद हातात घेऊन तू त्या गटारापाशी पोचशील का? तो अडखळेल तिथे खूण हवी : शाळा, खांब, वळण, नाला. लांबी पावलांनी मोजली तरी चालते, फक्त आधी ‘सुमारे’ लिहावे.

नम्रता कुठे, ठामपणा कुठे

‘झोपी गेलेले प्रशासन’, ‘साटेलोटे’, ‘जबाबदार राहाल’ ही वाक्ये लिहिणाऱ्याचा राग खरा असतो. पण ती ज्याला उद्देशून आहेत त्याच माणसाने पत्रावर शेरा मारायचा आहे. ‘जाग येत नाही’ हे खोडून ‘या अर्जावर अद्याप उत्तर मिळालेले नाही’ असे लिहिले, तर वाक्य सौम्य होते असे वाटते. प्रत्यक्षात ते अधिक बोचरे होते, कारण आता ते नाकारता येत नाही. आवक वहीत तारीख आहे, जावक वहीत उत्तर नाही.

साटेलोट्याचे वाक्य मात्र पूर्ण काढावे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसा अपवाद आहे. पण त्या अपवादाचा आधार घ्यायचा, तर सद्भावना दाखवता यायला हवी, आणि ‘सर्वांना माहीत आहे’ हा तिचा पुरावा नव्हे. एखाद्या लोकसेवकाने दुसऱ्याला त्रास द्यावा या हेतूने त्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम २१७ खाली गुन्हाच आहे. बिलात गडबड आहे असे खरेच वाटत असेल, तर त्या कामाचे मोजमाप आणि देयक यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागाव्यात आणि त्या हातात आल्यावर वेगळे पत्र लिहावे. गाळाच्या पत्रात भ्रष्टाचार घातला, की गाळ बाजूला राहतो.

‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ यांतली गल्लत इथेच पाहून घ्यावी. काम पुढे नेणे ती कार्यवाही. दोषी माणसावर करतात ती कारवाई. ‘गटारावर कारवाई करावी’ असे लिहून गेले, तर हसू होते. ‘अधिकाऱ्यावर कार्यवाही करावी’ असे लिहिले, तर त्याचा अर्थच लागत नाही.

आता आंदोलन. एकाच वाक्यात ‘आंदोलन छेडण्यात येईल’ आणि ‘ही नम्र विनंती’ असे दोन्ही लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे धमकी पोकळ वाटते आणि विनंती खोटी. शिवाय ‘छेडण्यात येईल’ या रचनेत छेडणारा कोणीच नाही. ठामपणा येतो तो आपण खरोखर करणार आहोत ती पुढची पायरी, तारीख घालून, कर्त्यासह लिहिल्याने : ‘३ जुलैपर्यंत लेखी उत्तर न मिळाल्यास आम्ही हा विषय गटविकास अधिकाऱ्यांसमोर मांडू.’ यात आवाज चढलेला नाही, पण वाचणाऱ्याला दिनदर्शिकेत एक खूण करावी लागते. उपोषणाला बसण्याचे गल्लीने खरेच ठरवले असेल, तर त्याची सूचना हा स्वतंत्र कागद असतो आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यालाही जाते. तो पहिल्या निवेदनाच्या शेवटच्या ओळीत उरकायचा विषय नाही.

विनयासाठी ‘मा.’, ‘महोदय’ आणि ‘विनंती’ पुरेसे. ‘आपण कार्यतत्पर आहात’ अशी स्तुतीही काढावी. तीन आठवडे उत्तर न देणाऱ्याला ती टोमणाच वाटते. त्याऐवजी आपल्या बाजूने करण्यासारखे एखादे काम कबूल करावे. अरुंद गल्लीत गाळाची गाडी शिरत नाही, कारण दुचाक्या उभ्या असतात. त्या हलवणे रहिवाशांच्या हातात आहे. हे एक वाक्य चार विशेषणांपेक्षा जास्त सौजन्य दाखवते आणि काम न होण्याचे एक कारणही काढून घेते.

तपासून झालेले पत्र

दिनांक : १८/०६/२०२५

प्रति,
मा. सरपंच / मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत सरावली, ता. व जि. पालघर.

विषय : शाळेमागील गल्लीतील गटाराचा गाळ काढणे व तुटलेली दोन झाकणे बदलणे याबाबत.

संदर्भ : आमचा दि. २६/०५/२०२५ रोजीचा अर्ज (पोच सोबत जोडली आहे).

महोदय,

१. शाळेमागील गल्लीत वळणावरील विजेच्या खांबापासून नाल्यापर्यंत सुमारे ६० मीटर लांबीचे गटार आहे.
२. दि. १२/०६/२०२५ पासून या गटाराचे पाणी रस्त्यावर येत आहे. दि. १६/०६/२०२५ रोजी सकाळी ८ वाजता ते घोट्यापर्यंत होते (छायाचित्रे १ व २).
३. गटारावरील दोन झाकणे तुटलेली आहेत. त्यांपैकी एक शाळेच्या मागील दारासमोर आहे (छायाचित्र ३).
४. गल्लीत ४२ घरे आहेत. शाळेतील मुले याच वाटेने ये-जा करतात.
५. संदर्भातील अर्जावर अद्याप उत्तर मिळालेले नाही.

आमची विनंती अशी :

(अ) गटाराचा गाळ दि. २५/०६/२०२५ पर्यंत काढावा आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलावा.
(आ) शाळेच्या दारासमोरील झाकण प्रथम बदलावे, दुसरे दि. ०३/०७/२०२५ पर्यंत बदलावे.
(इ) गटाराच्या उताराची पाहणी आमच्यापैकी दोघांच्या उपस्थितीत करावी. नवे बांधकाम आवश्यक वाटल्यास ते पुढील ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेऊन ग्रामसभेपुढे ठेवावे.
(ई) गटाराचा काही भाग अन्य कार्यालयाच्या ताब्यात असल्यास हा अर्ज त्या कार्यालयाकडे पाठवून आम्हाला लेखी कळवावे.

गाळ काढण्याच्या दिवशी गल्लीतील वाहने हलवून रस्ता मोकळा ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. दि. ०३/०७/२०२५ पर्यंत लेखी उत्तर न मिळाल्यास आम्ही हा विषय मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, पालघर यांच्यासमोर मांडू.

आपले विश्वासू,
(नावे, घर क्रमांक, भ्रमणध्वनी, सह्या)

सोबत : १) दि. २६/०५/२०२५ च्या अर्जाची पोच, २) छायाचित्रे ३, ३) सह्यांचे पान १.

शेवटचे वाचन

छपाईआधीचे वाचन उलट्या दिशेने करावे, खालून वर. अर्थाच्या ओघात डोळा चुका ओलांडतो; खालून वाचले तर प्रत्येक ओळ सुटी दिसते. ‘सोबत’मध्ये तीन छायाचित्रे आणि मजकुरात चारचा उल्लेख, अशी विसंगती याच वाचनात सापडते. मग तारखा : सगळ्या दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने आणि एकाच प्रकारच्या अंकांत. अर्ध्या तारखा मराठी अंकांत आणि अर्ध्या इंग्रजी अंकांत असल्या, की घाईत वाचणारा त्यातली एखादी चुकवतो. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला, तर जोडाक्षरे मोडतात. ‘अधिकाऱ्यांसमोर’चे ‘अधिकार्यांसमोर’ होते ते बहुधा टंकलेखनात. हे शब्द बोट ठेवून पाहावेत. ज्याने पत्र लिहिले त्याने हे वाचन करू नये. त्याला पत्र पाठ झालेले असते.

‘त्रस्त नागरिक’ ही सही चालत नाही. निनावी अर्ज बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतो, म्हणजे फाइलला लागतो आणि तिथेच थांबतो. सह्यांच्या पानावर विषय आणि तारीख पुन्हा छापलेली असावी, नाहीतर ते सुटे पान कोणत्याही अर्जाला जोडता येते. मुख्यमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत ‘प्रत माहितीसाठी’ची लांबलचक यादी पहिल्या पत्राला नको. वरचा प्रत्येक जण ती प्रत खालीच पाठवतो, आणि खालचा म्हणतो, वरून आदेश आला की बघू.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आणावी. तो क्रमांक वाचता येतो का, हे खिडकीपाशीच पाहावे. मुदत उलटली तर पुढचे कागद याच प्रतीतून तयार होतात. गटविकास अधिकाऱ्यांकडच्या पत्रात ती संदर्भ म्हणून येते. माहितीच्या अधिकारात विचारायचे झाले, तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. ‘आवक क्रमांक अमुक, दि. १८/०६/२०२५ च्या अर्जातील विनंती अ ते ई वर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ हा प्रश्न त्या मर्यादेच्या कितीतरी आत बसतो. ‘गटाराबाबत’च्या पत्रावर असा प्रश्न विचारताच आला नसता. विनंतीला अक्षर असले, की तिचे उत्तर अक्षर लावून मागता येते.